धागा शाबूत, शिवण उघडी: आमची वाटचाल

आमची फर्म मुळात कंत्राटी शिलाईची. ओढून तपासण्याचं यंत्र घेतलं ते आमच्याच मालासाठी. मग ओळखीचे शिलाईवाले तुकडे घेऊन यायला लागले, त्यांच्यामागून कापडवाले आले, आणि आज चाचणी हाच आमचा धंदा आहे. शिलाईची मशिनं गेली, फक्त एक लॉकस्टिच मशीन ठेवलं. चाचणीचे नमुने आम्हालाच शिवावे लागतात, आणि चांगलं शिवता येत नसेल तर या चाचण्यांच्या आकड्यांना काही अर्थ उरत नाही.

येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, "शिवण किती ताण घेईल?" त्यात प्रत्यक्षात दोन प्रश्न असतात हे समजावण्यात आमची सुरुवातीची वर्षं गेली. पहिला प्रश्न ताकदीचा. आयएसओ १३९३५-२ या पद्धतीत शिवलेला तुकडा २५ मिमी रुंदीच्या दोन पकडींत धरायचा, पकडींमध्ये १०० मिमी अंतर ठेवायचं, शिवण बरोबर मधोमध आणायची आणि मिनिटाला ५० मिमी या संथ गतीने तुटेपर्यंत ओढायचं. सर्वाधिक बल न्यूटनमध्ये मिळतं. गिऱ्हाईक तो आकडा वाचतं आणि रिपोर्ट घडी करून खिशात घालतं. आमच्या मते त्याखालची ओळ जास्त मोलाची असते: नमुना नेमका कसा गेला. शिलाईचा धागा तुटला असेल तर दोष धाग्यात, टाक्यांच्या संख्येत किंवा मशीनच्या ताणात शोधायचा. शिवणीलगत कापड फाटलं असेल तर सुई बोथट आहे का, टाके फार दाट पडून कापडाचे धागे तुटलेत का, हे बघायचं. आणि कधी कधी काहीच तुटत नाही, तरी शिवण उघडते. दुसरा प्रश्न तिथे सुरू होतो.

विणलेल्या कापडात उभे आणि आडवे धागे एकमेकांवर फक्त घर्षणाने टिकून असतात. शिवणीवर आडवा ताण आला की टाके आपल्या शेजारच्या उभ्या धाग्यांना धरून ठेवतात, पण आडवे धागे त्या उभ्या धाग्यांमधून हळूहळू ओढले जातात, जुन्या चटईच्या काड्या दोऱ्यातून सरकाव्यात तसे. शिवणीच्या दोन्ही बाजूंना फट दिसते, तिच्यात नुसते एकाच दिशेचे धागे राहतात. सरकणाऱ्या धाग्याला अडवायला असतात ते त्याच्या वाटेतले ओलांडे, म्हणजे टाक्यांपासून कापडाच्या कडेपर्यंत जे मार्जिन सोडतात, त्यात तो जितक्या धाग्यांवरून-खालून जातो तितके. धागे फिलामेंटचे, म्हणजे अखंड गुळगुळीत तंतूंचे असले, वीण विरळ असली, सॅटिनसारखी लांब तरंगणारी असली, किंवा मऊपणासाठी सिलिकॉन सॉफ्टनर जास्त मारला असेल, तर ही पकड कमी होते. पॉलिएस्टरला कॉस्टिक देऊन वजन उतरवलं की धागा बारीक होतो आणि वीण ढिली पडते, तेव्हाही हेच होतं.

हे कसं मोजायचं, ते एका कोटवाल्यांच्या प्रकरणातूनच सांगतो. त्यांच्या कोटांची अस्तरं पाठीच्या मधल्या शिवणीत उसवून परत येत होती. ते अस्तराचं कापड घेऊन आले आणि म्हणाले, "साहेब, कापडच भिकार आहे, तेवढं लिहून द्या. मिलला पाठवतो."

साधी वीण, पॉलिएस्टर फिलामेंट, हलकं कापड. आम्ही आयएसओ १३९३६-२ लावलं. तुकडा दुमडून घडीपासून २० मिमीवर शिवायचा, मग घडी अशी कापायची की टाक्यांपासून १२ मिमी मार्जिन उरेल. टाके सेंटीमीटरला ५. चौरस मीटरला २२० ग्रॅमपर्यंतच्या पोशाखाच्या कापडाला ६० न्यूटन, त्याहून जड असेल तर १२० आणि सोफ्याच्या कापडाला १८०. तेवढं बल आलं की ताण ५ न्यूटनवर उतरवायचा आणि शिवणीची फट सर्वांत रुंद जागी मोजायची. ताण उतरवायचं कारण सरळ आहे: कापड स्वतः जे लांबलं ते परत येतं आणि धागे जे सरकले तेवढंच मागे राहतं.

दोन्ही दिशांना पाच-पाच नमुने ओढले. पाठीच्या शिवणीसारख्या, म्हणजे उभ्या धाग्यांना समांतर शिवणीत फट सुमारे ३ मिमी आली. त्यांच्या खरेदीदाराची मर्यादा ५ मिमीची. कापड पास होतं. गृहस्थ नाराज झाले, साहजिकच. आम्ही म्हटलं, "आता परत आलेला एखादा कोट आणा."

कोट उलटा केला तर पाठीच्या शिवणीला मार्जिन जेमतेम ६ मिमी. पॅटर्नमध्ये १० होतं. कड कापत कापत बांधणाऱ्या ओव्हरलॉक मशीनच्या सुरीने कारागिराच्या सवयीप्रमाणे कड साफ करत करत ४ मिमी खाऊन टाकलं होतं. त्या शिवणीचे तुकडे कापून यंत्रावर चढवले. ६० न्यूटन गाठायच्या आतच आडवे धागे मार्जिनमधून पूर्ण निसटले. टाक्यांमध्ये उभ्या धाग्यांची अरुंद पट्टी अडकून राहिली आणि शिलाईचा धागा एकाही जागी तुटला नाही. त्यांनी आधीच घाबरून जाड धागा वापरायला घेतला होता. त्याने काही फरक पडला नव्हता, कारण धाग्यावर पाळी आलीच नव्हती.

मग त्याच थानातून आम्ही १२, ८ आणि ६ मिमी मार्जिनचे नमुने शिवले. ८ ला फट ५ च्या जवळ गेली, ६ ला शिवण टिकलीच नाही. मार्जिन कमी केलं की अडवणारे ओलांडे कमी होतात, आणि सरकणं एकदा कडेपर्यंत पोचलं की पुढे अडवायला काही नसतं. प्रमाणित चाचणीचं मार्जिन १२ मिमी असल्यामुळे ती कापडाबद्दल बोलते, तुमच्या कारखान्यातल्या शिवणीबद्दल नाही.

टाके दाट करून पाहू, असं त्यांचं म्हणणं होतं. आम्ही सेंटीमीटरला ४ आणि ५ टाक्यांची तुलना करून दाखवली. ताण जास्त जागी वाटला जातो म्हणून फट थोडी कमी झाली, पण ६ मिमी मार्जिनची भरपाई होईल इतकी नाही. आणखी दाट केले तर बारीक अस्तरात सुईचीच छिद्रं भारी पडतात.

शेवटी दोन बदल सुचवले. पाठीच्या शिवणीला १२ मिमी मार्जिन ठेवून ती ओव्हरलॉकवर सुरी बंद करून न्यायची. दुसरं, अस्तराच्या पाठीत आरामाची चुणी द्यायची. कोटात हात पुढे केला की वरचं कापड आणि अस्तर दोन्ही ताणले जातात, आणि अस्तरात जागाच नसेल तर सगळा भार त्या एका शिवणीवर येतो. चुणी उघडली की शिवणीपर्यंत फारसा ताण पोचतच नाही. जिथे चुणी शक्य नाही तिथे मार्जिन दुमडून दोन ओळींत दाबलेली लॅप शिवण बरी, पण अस्तरात ती जाड होते.

तेव्हापासून नमुना घेताना आम्ही कापडासोबत शिवलेला नगही मागतो आणि उलटा करून मार्जिन मोजतो. लवचीक कापड आलं तर सरकण्याची ही चाचणी लावतच नाही. त्यात ताण उतरवल्यावर फट आपोआप मिटते आणि आकडा फसवा येतो. तिथे फक्त शिवणीची ताकद काढून देतो आणि रिपोर्टवर तसं स्पष्ट लिहितो.