एकाच स्ट्राइकला दोन व्होलॅटिलिटी

ऑप्शन डेस्कच्या मागे बसून रोजच्या नफा-तोट्याचा मेळ घालणं हे आमचं काम. ट्रेडरच्या शीटने सांगितलेला तोटा आणि खरोखर झालेला तोटा यांत फरक पडला, तर तो का पडला हे सांगायचं. थोडाफार फरक रोजच असतो. त्या दिवशी मात्र निर्देशांक दोन टक्के वर गेला होता आणि फरक खऱ्या तोट्याच्या दोन-तृतीयांशांहून जास्त होता.

आकडे गोल करून सांगतो. निर्देशांक १०,००० वर होता. ट्रेडरने सहा महिन्यांच्या एक्स्पायरीचे, १०,००० च्या स्ट्राइकचे ५०० स्ट्रॅडल विकले होते, म्हणजे ५०० कॉल आणि ५०० पुट. त्याच्या म्हणण्याप्रमाणे हे ‘ॲट-द-मनी’ स्ट्रॅडल होतं, म्हणून दिशेचा धोका जवळजवळ नाही, फक्त व्होलॅटिलिटी विकली. शीटवर डेल्टा, म्हणजे निर्देशांक एक अंक हलला की सौद्याची किंमत किती हलते तो आकडा, उणे २६ दिसत होता, तेवढे २६ युनिट त्याने घेऊनही ठेवले होते. निर्देशांक २०० अंकांनी वाढल्यावर शीटप्रमाणे गॅमामुळे, म्हणजे निर्देशांक हलताना डेल्टाही बदलत जातो त्यामुळे, साधारण सहा हजारांचा तोटा व्हायला हवा होता. झाला साडेवीस हजारांचा.

पहिला संशय अर्थातच व्होलॅटिलिटी वाढल्याचा आला. पण बाजारातल्या प्रीमियममध्ये तसं काही दिसत नव्हतं. मग शीट उघडली. कॉलचा भाव ६२२, पुटचा ३८८. दोघांची स्ट्राइक एक, एक्स्पायरी एक, आणि इम्प्लाइड व्होलॅटिलिटी, म्हणजे ऑप्शनच्या भावावरून उलटी काढलेली व्होलॅटिलिटी, कॉलला २२.८ टक्के, पुटला १४.२ टक्के. हा आकडा कित्येक दिवस सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. कॉल महाग आहेत म्हणजे बाजार तेजीत आहे, असा त्याचा अर्थ लावून लोक पुढे जात होते. डेस्कवर तेजी-मंदीचं स्पष्टीकरण सगळ्यात स्वस्त मिळतं.

युरोपियन पद्धतीच्या, म्हणजे फक्त एक्स्पायरीलाच वापरता येणाऱ्या ऑप्शनमध्ये एकाच स्ट्राइकच्या कॉल आणि पुटला वेगळी व्होलॅटिलिटी असूच शकत नाही. कॉल घ्या आणि पुट विका: एक्स्पायरीला निर्देशांक कुठेही असो, तुम्ही तो स्ट्राइकच्या भावाने घेतलेलाच असतो. म्हणजे हे दोन ऑप्शन मिळून एक फॉरवर्ड सौदा होतो. त्याची किंमत व्होलॅटिलिटीवर मुळीच अवलंबून नाही. म्हणून दोन व्होलॅटिलिटी दिसल्या की बाजाराकडे बोट दाखवायच्या आधी आपल्या शीटमधला फॉरवर्ड तपासायचा.

तो रकाना पाहिला. त्यात १०,००० होते. कोणीतरी फॉरवर्डच्या जागी सरळ स्पॉट, म्हणजे निर्देशांकाचा आत्ताचा भाव, जोडून ठेवला होता.

आता फॉरवर्ड किती असायला हवा? हे अंदाजाने ठरत नाही, खर्चाने ठरतं. सहा महिन्यांनी निर्देशांक द्यायचं मी आज कबूल केलं, तर मला भाकीत करायची गरज नाही. मी आज १०,००० कर्ज काढून तो विकत घेईन आणि ठेवून देईन. सात टक्के व्याजाने (सतत चक्रवाढ धरून) सहा महिन्यांनी १०,३५६ फेडावे लागतील. मधल्या काळात हातात असलेल्या शेअरवर लाभांश मिळेल. व्याज आणि लाभांश यांचं निव्वळ ओझं म्हणजे कॉस्ट ऑफ कॅरी, आणि ते स्पॉटमध्ये मिळवलं की फॉरवर्ड. याहून जास्त भाव कोणी देत असेल, तर कर्ज काढून माल घ्यायचा, फॉरवर्ड विकायचा आणि फरक खिशात घालायचा. कमी देत असेल तर उलट, फक्त तेव्हा शेअर उसने मिळायला हवेत आणि त्याचं भाडंही हिशेबात धरावं लागतं. उसने मिळायला अवघड अशा शेअरचा फॉरवर्ड व्याजाच्या हिशेबापेक्षा खाली दिसतो तो या भाड्यामुळे.

कॉल विकणाराही हेच करतो. हेज म्हणून माल घेतो, त्याचं व्याज भरतो आणि ते प्रीमियममध्ये वसूल करतो. पुट विकणारा माल विकून पैसे ठेवतो, त्याला व्याज मिळतं, म्हणून पुट स्वस्त. ६२२ आणि ३८८ मधल्या २३४ च्या फरकात तेजी कुठेच नाही. ते लाभांश वजा केलेलं व्याज आहे.

मग आमच्याकडच्या एका नव्या मुलाने रकाना दुरुस्त केला. त्याने १०,३५६ टाकले. व्होलॅटिलिटी बदलली: कॉल १५.४, पुट १९.६. फरक कमी झाला आणि उलटला. ट्रेडर म्हणाला, “आता बरोबर दिसतंय. पुट महाग असतातच, तो स्क्यू आहे.” हे वाक्य मला अजून खटकतं, कारण ते ऐकायला अगदी जाणकाराचं वाटतं. स्क्यू खरा असतो, पण तो वेगवेगळ्या स्ट्राइकमध्ये असतो. ९,००० च्या स्ट्राइकची व्होलॅटिलिटी ११,००० पेक्षा जास्त असू शकते, पण ९,००० चा कॉल आणि ९,००० चा पुट यांची एकच असायला हवी. एकाच स्ट्राइकवरच्या फरकाला स्क्यू म्हटलं की चूक झाकली जाते, आणि पहिल्या चुकीपेक्षा ही जास्त दिवस टिकते.

इथे फॉरवर्ड आपण ठरवायचाच नाही. बाजाराला विचारायचा:

```
F = K + (C - P) * exp(r*T)
  = 10000 + (622 - 388) * 1.0356
  = 10242
```

हे एकाच स्ट्राइकवर करून थांबू नये. आम्ही ९,७५० पासून १०,५०० पर्यंत प्रत्येक स्ट्राइकवर केलं. सगळीकडून १०,२४२ च्या आसपास उत्तर आलं, फरक खरेदी-विक्रीच्या भावातल्या अंतराएवढाच. उत्तरं स्ट्राइकबरोबर एका दिशेने सरकत गेली, तर व्याजदर चुकलेला असतो. एखादीच स्ट्राइक वेडंवाकडं सांगत असेल, तर बहुतेक वेळा तिथे शेवटच्या सौद्याचा शिळा भाव घेतलेला असतो. कॉलचा सौदा सकाळी झाला, पुटचा दुपारी, मधे निर्देशांक ६० अंक हलला, तर त्या जोडीला काही अर्थ नाही. त्यामुळे त्याच क्षणाच्या खरेदी आणि विक्रीच्या भावांचा मध्य घ्यायचा, तोही दोन्ही ऑप्शनचा. आणि हे समीकरण एक्स्पायरीआधी वापरता येणाऱ्या अमेरिकन ऑप्शनला जसंच्या तसं लागू नाही. तिथे ते फक्त वरची आणि खालची मर्यादा देतं.

१०,३५६ आणि १०,२४२ मधले ११४ अंक म्हणजे लाभांश. या सहा महिन्यांत निर्देशांकातल्या कंपन्यांचा आजच्या किमतीने ११० अंकांचा लाभांश येणार होता, व्याज धरून ११४. मुलाच्या दुरुस्तीत तोच राहिला होता. १०,२४२ टाकल्याबरोबर कॉल १८ टक्के, पुट १८ टक्के.

आता साडेवीस हजारांचा उलगडा सोपा होता. फॉरवर्ड १०,२४२ असेल तर १०,००० चा कॉल आधीच ‘इन-द-मनी’ आहे. त्याचा डेल्टा ०.६०, पुटचा उणे ०.४०. म्हणजे प्रत्येक विकलेल्या स्ट्रॅडलमागे ट्रेडर ०.२० युनिट विकून बसला होता, ५०० मागे शंभर. शीट २६ म्हणत होती. न दिसणारे ७३-७४ युनिट, गुणिले २०० अंक, साधारण साडेचौदा हजार. शिवाय गॅमाचे सहा हजार.

त्याला खरंच ॲट-द-मनी विकायचं असतं, तर १०,२५० ची स्ट्राइक घ्यायला हवी होती. तिथे कॉल ४९८ आणि पुट ५०६, जवळपास सारखे. पडद्यावर चटकन तपासायचं असेल तर हीच खूण: कॉल आणि पुटचे भाव जिथे भेटतात, तिथे फॉरवर्ड. पण डेल्टा तिथेही नेमका शून्य नसतो. फॉरवर्डच्या भावावरच्या स्ट्रॅडलचा डेल्टा या उदाहरणात ०.०५ येतो, कारण मॉडेलमध्ये भावाचं वितरण वरच्या बाजूला ताणलेलं असतं. तो पूर्ण शून्य करणारी स्ट्राइक आणखी वर, फॉरवर्ड गुणिले exp(σ²T/2), म्हणजे इथे १०,३२५ च्या आसपास. चलनबाजारात ‘ॲट-द-मनी’ म्हटल्यावर बहुधा हीच डेल्टा-शून्य स्ट्राइक अभिप्रेत असते. त्यामुळे दोन बाजारांतली माणसं एकच शब्द वापरून वेगळ्या गोष्टी बोलतात.

स्पॉटलाच ॲट-द-मनी समजायची सवय कुठून येते, तेही उघड आहे. आठवड्याच्या ऑप्शनमध्ये सात टक्क्यांचं व्याज १०,००० वर तेरा-चौदा अंक होतं, स्ट्राइकमधल्या अंतरापुढे काहीच नाही. तिथे शिकलेला माणूस सहा महिन्यांच्या एक्स्पायरीवर आला, की तेरा अंकांची सवय अडीचशे अंकांवर चालवतो. फिशर ब्लॅकचं १९७६ चं सूत्र सरळ फॉरवर्डच मागतं, स्पॉट मागतच नाही. पण शीट बनवणाऱ्याला तो रकाना भरायचाच असतो, आणि स्पॉट हाताशी असतो.

मला जास्त छळतं ते वेगळंच. २२.८ आणि १४.२ ची सरासरी १८.५. खरी व्होलॅटिलिटी १८. रोजच्या अहवालात कॉल-पुटची सरासरीच जात होती, त्यामुळे ती कोणालाही चुकीची वाटली नाही. स्ट्रॅडलची किंमतही चुकली नव्हती, कारण ती बाजारभावानेच धरलेली होती. चुकला होता फक्त डेल्टा, आणि तो निर्देशांक शांत असेपर्यंत बोलत नाही.

आता शीटमध्ये एकाच स्ट्राइकच्या दोन व्होलॅटिलिटींमधला फरक वेगळ्या रकान्यात येतो, आणि तो अर्ध्या टक्क्याच्या पुढे गेला की लाल होतो. मर्यादांच्या कागदावर मात्र अजून ‘ॲट-द-मनी म्हणजे स्पॉटच्या सर्वांत जवळची स्ट्राइक’ असंच लिहिलंय. बदलायची बैठक दोनदा झाली. दोन्ही वेळा फॉरवर्ड लिहायचा की डेल्टा-शून्य स्ट्राइक, यावर वाद झाला. लाभांशाचा आकडा रोज कोण भरणार, हे दोन्ही वेळा कोणी विचारलं नाही.