एनआरई की एफसीएनआर? शारजाच्या पैशाचा हिशेब

माझा चुलत दादा शारजात वेल्डिंग सुपरवायझर आहे. त्याचे वीस हजार डॉलर साठले होते. बेळगावात खानापूर रोडला दोन गुंठे जागा घ्यायची, पण तीनेक वर्षांनी, तोवर पैसे बँकेत ठेवायचे. मी उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत अकाउंट्स बघतो, त्यामुळे हे काम माझ्याकडे आलं.

पर्याय दोन, दोन्ही परदेशात राहणाऱ्या भारतीयांसाठीच्या ठेवी. एनआरई मुदत ठेव रुपयांत, दर 6.75 टक्के. एफसीएनआर ठेव डॉलरमध्येच राहते, दर 4.5 टक्के. दोन्हींचं व्याज इथे करमुक्त, त्यामुळे टॅक्सचा प्रश्न नव्हता. दादाचा फोनवर एकच हेका, "अरे, सव्वादोन टक्के जास्त मिळतात की, मग विचार कसला करतोस?"

विचार याचा, की ते सव्वादोन टक्के फुकट मिळत नाहीत. डॉलर तेव्हा 85 ला होता असं धरा. 20,000 डॉलरचे 17 लाख रुपये. एनआरईत वर्षाने 18,14,750 होतात. एफसीएनआरमध्ये 20,900 डॉलर होतात. आता पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा, 86.83 येतात. वर्षाने डॉलर 86.83 च्या वर गेला तर एफसीएनआर बरी, खाली राहिला तर एनआरई बरी. म्हणजे रुपया साधारण 2.15 टक्के घसरला की दोन्ही सारखंच. तीन वर्षांसाठी हाच आकडा 90.60 च्या आसपास जातो. मी दादाला हे दोनच आकडे लिहून पाठवले, बाकी काही नाही.

पण हा फरक येतो कुठून? अर्थशास्त्रज्ञ आयर्विंग फिशर यांच्या नावाने ओळखला जाणारा विचार असा: व्याजदरात महागाईची अपेक्षा आधीच मिसळलेली असते. आपल्याकडे महागाई 4.5 टक्के धरली, तर 6.75 मधून खरं हातात उरतं दोनच्या थोडं वर. अमेरिकेत 2.5 धरली, तर 4.5 मधून उरतं दोनच्या थोडं खाली. महागाई वजा केली की दोन्ही देशांत कमाई जवळपास सारखीच. उरलेला फरक महागाईचा, आणि ज्या देशात महागाई जास्त त्याचं चलन तेवढंच घसरावं, अशी अपेक्षा.

ही अपेक्षा आहे, हमी नाही. 2007 अखेर डॉलर 40 च्या आत होता, वर्षभरात 48 च्या पुढे गेला. 2022 मध्ये रुपया दहा टक्क्यांहून जास्त घसरला, 2023 मध्ये एक टक्काही नाही. त्या त्या वर्षीच्या व्याजफरकात यातलं काहीच दिसलं नसतं. लांबच्या पल्ल्याला मात्र गणित बरंच जमतं: 2004 च्या सुमारास 45 आणि 2024 मध्ये 83-84, म्हणजे वर्षाला तीन टक्क्यांच्या आसपास. वीस वर्षांचा नियम तीन वर्षांच्या ठेवीला लावायचा, यातच खरी जोखीम आहे. शिवाय पैसा जोखमीचा मोबदलाही मागतो, त्यामुळे जास्त व्याजाची चलनं अनेकदा गणिताइतकी घसरतच नाहीत.

मग टिळकवाडीतल्या बँकेत जाऊन मी फॉरवर्डचा भाव विचारला. एफसीएनआर ठेवीच्या मुदतअखेरच्या रकमेवर वर्षापुढचा भाव आजच बांधून घेता येतो. साहेबांनी 86.50 सांगितला. 20,900 डॉलरचे 18,07,850 होतात, म्हणजे एनआरईपेक्षा सहा-सात हजार कमी. यात आश्चर्य काहीच नाही. फॉरवर्डचा भाव मुळात व्याजफरकातूनच बनतो, आणि वरचे पैसे बँकेचे. तेव्हा "एफसीएनआर घेऊ आणि भाव बांधू" हा तिसरा पर्याय म्हणजे फेरफटका मारून एनआरईलाच येणं होतं. तो बाद केला.

निकाल शेवटी खर्चावरून लागला. जागा रुपयांत घ्यायची, विसार रुपयांत द्यायचा. जागेचा भाव इथल्या महागाईबरोबर चढतो, शारजातल्या नाही. म्हणून जागेची रक्कम एनआरईत टाकली. दादाची नोकरी कंत्राटी आहे, मध्येच काही झालं तर तिकडचं भाडं आणि खर्च दिरहममध्ये, आणि दिरहम डॉलरला 3.6725 ने बांधलेला. तेवढ्यापुरते पैसे एफसीएनआरमध्ये ठेवले. वर्षाच्या आत मोडली तर त्यावर व्याज शून्य, हे त्याला दोनदा सांगितलं.

दोन्ही ठेवींची तुलना करताना आणखी एक बघा. एफसीएनआर रुपयांत मोडताना गूगलवरचा भाव मिळत नाही, बँकेचा टीटी बाइंग भाव मिळतो. त्यात डॉलरमागे साठ पैसे कमी आले तर 20,900 डॉलरवर साडेबारा हजार गेले. म्हणजे 86.83 हा आकडा बँकेच्या खरेदी भावाशी ताडून बघायचा. टीव्हीवरचा डॉलर 87.40 च्या पुढे गेल्याशिवाय एफसीएनआरवाल्याने फायदा झाला असं समजू नये.