चार्जिंगची वीज दिसते, फोन दिसत नाही

"दादा, फोन लॅपटॉपला लावला की चार्जिंगचं चिन्ह येतं पण लॅपटॉपवर काहीच येत नाही, मग केबल तर चांगलीच आहे ना?"

नाही, तेवढ्यावरून केबल चांगली आहे असं म्हणता येत नाही. माझं कराडला झेरॉक्स आणि फोटो प्रिंटचं दुकान आहे, दिवसातून दोन-तीन जण तरी फोन आणि केबल घेऊन हेच विचारतात, आणि दर वेळी गर्दीत घाईघाईत अर्धवटच सांगून होतं, म्हणून आज नीट लिहितोय.

साध्या यूएसबी केबलच्या आत चार बारीक वायरी असतात. लाल आणि काळी या करंटच्या, हिरवी आणि पांढरी या डेटाच्या. फोन चार्ज व्हायला लाल-काळी पुरते, त्याला बाकीच्या दोघींची गरजच नाही. पण फोन आणि लॅपटॉपनी एकमेकांशी बोलायचं, मी कोण तू कोण, माझ्यात काय फाइली आहेत, हे सगळं हिरव्या-पांढऱ्यावरून चालतं. त्यामुळे चार्जिंगचं चिन्ह म्हणजे लाल-काळी ठीक आहे एवढाच पुरावा, उरलेल्या दोघींबद्दल ते काहीच सांगत नाही.

मागे एक शाळेच्या मॅडम आल्या होत्या. गॅदरिंगचे सगळे फोटो त्यांच्या फोनमध्ये, व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवले की क्वालिटी जाते आणि त्यांना मोठ्या साइजमध्ये प्रिंट हवे होते, म्हणून घरी लॅपटॉपवर घ्यायचा दोन दिवस प्रयत्न करत होत्या. लॅपटॉप रिस्टार्ट करून झाला, फोन रिस्टार्ट करून झाला, कुणीतरी सांगितलं ड्रायव्हर टाका म्हणून तेही नेटवरून उतरवून झालं, आणि शेवटी कुणीतरी फोन फॉरमॅट मारायला सांगितलं तेव्हा घाबरून दुकानात आल्या. बरं झालं आल्या, कारण फॉरमॅट मारला असता तर फोटोच गेले असते आणि प्रॉब्लेम तिथेच राहिला असता.

मी लॅपटॉपला हातच लावला नाही. त्यांचा फोन त्यांच्याच केबलनं माझ्या कॉम्प्युटरला लावला, फोन अनलॉक करायला सांगितला आणि फोनची वरची नोटिफिकेशनची पट्टी खाली ओढली. सगळ्यात आधी बघायचं ते इथे. फोनला जर कळलं असेल की समोर कॉम्प्युटर आहे, तर बहुतेक अँड्रॉइड फोनवर तिथे Charging this device via USB अशी किंवा त्यासारखी एक ओळ येते, काही कंपन्यांच्या फोनवर थेट मधोमध खिडकी उघडून विचारतात की यूएसबी कशासाठी वापरायचं. मॅडमच्या फोनवर यातलं काहीच नव्हतं, नुसतं बॅटरीवर विजेचं चिन्ह. म्हणजे फोनच्या दृष्टीनं तो भिंतीवरच्या चार्जरलाच लावलेला होता, कॉम्प्युटर त्याला जाणवलाच नव्हता. आणि जिथे फोनलाच कॉम्प्युटर जाणवला नाही तिथे लॅपटॉपमध्ये ड्रायव्हर टाकून काय होणार.

त्यांना विचारलं केबल कुठली, तर म्हणाल्या फोनबरोबरची तुटली, ही मुलाच्या ट्रिमरबरोबर आलेली आहे, तिच्यावर फोन रोज चार्ज होतो. इथेच सगळं आलं. ट्रिमर, हातातला छोटा फॅन, रिचार्जचा दिवा, स्वस्तातला ब्लूटूथ स्पीकर, यांच्याबरोबर येणाऱ्या बऱ्याच केबली फक्त चार्जिंगच्या असतात, कारण ट्रिमरला कॉम्प्युटरशी काय बोलायचंय, मग कंपनी दोन वायरींचा खर्च वाचवते. बाहेरून त्या हुबेहूब सारख्या दिसतात. जाडीवरून कळत नाही, रंगावरून कळत नाही. चौकोनी मोठ्या टोकाच्या आत बघितलं तर चार सोनेरी पट्ट्या दिसतात, कडेच्या दोन लांब त्या करंटच्या आणि मधल्या दोन जरा आखूड त्या डेटाच्या, काही स्वस्त केबलींत या मधल्या दोन नसतातच आणि तसं दिसलं तर लगेच निकाल लागतो. पण चारही दिसल्या म्हणून आत वायरी आहेतच असं नाही, त्यामुळे नुसत्या नजरेवर जाऊ नका.

मी माझी डेटा केबल लावली आणि कॉम्प्युटरनं टुंग आवाज केला. फोनवर ती ओळ आली. मॅडम म्हणाल्या, "एवढंच होतं?" आणि मग म्हणाल्या ती जुनी टाकून द्या. मी त्यांच्यासमोरच कटरनं तिचं वरचं रबर सोललं, आत लाल आणि काळी अशा दोनच वायरी, आणि बाकी जागा भरायला पांढरा दोरा. दोरा होता हो, खरंच, शिवणाचा असतो तसा. मला हे दाखवायला आवडतं कारण एकदा डोळ्यांनी बघितलं की माणूस पुन्हा फोन फॉरमॅट करायला जात नाही.

पण गोष्ट तिथे संपली नव्हती. This PC मध्ये त्यांच्या फोनचं नाव आलं, त्याच्यावर डबल क्लिक केलं तर आत रिकामं. ही दुसरी अडचण, आणि ती केबलची नाही, ही फोननं मुद्दाम केलेली आहे. 2015 साली अँड्रॉइड 6 आलं तेव्हापासून फोन कॉम्प्युटरला लावला की तो आपणहून फाइली दाखवत नाही, फक्त चार्जिंग घेतो, दाखवायच्या असतील तर मालकानं सांगायचं. मला हे पटतं. तुम्ही एसटी स्टँडवर किंवा लॉजवर कुठल्याही अनोळखी पोर्टला फोन लावता, पलीकडे काय आहे तुम्हाला माहीत नसतं, तिथे फोननं न विचारता सगळे फोटो उघडून ठेवले तर कसं चालेल. म्हणून त्या ओळीवर टॅप करायचं, आत File transfer निवडायचं, बस. फोन लॉक असेल तर बऱ्याचदा तेही होत नाही, आधी पॅटर्न नाहीतर पिन टाकून स्क्रीन उघडा ठेवायचा. मॅडमनी टॅप केलं आणि Internal storage दिसलं, त्यात DCIM, त्यात Camera, आणि गॅदरिंगची सगळी पोरं तिथे.

आयफोनवाल्यांचंही हेच, फक्त तिथे Trust This Computer? असं विचारतात आणि Trust म्हणून पासकोड टाकावा लागतो, नाहीतर लॅपटॉपला फोटो दिसत नाहीत.

अजून एक गोंधळ जुन्या सवयीमुळे होतो. आधीचे अँड्रॉइड फोन लावले की पेन ड्राइव्हसारखे दिसायचे, E: नाहीतर F: असं अक्षर यायचं, आणि लोक अजून तेच शोधतात. आताचे फोन एमटीपी नावाच्या पद्धतीनं फाइली देतात, त्याला ड्राइव्हचं अक्षर मिळत नाही, फोनच्या नावानं वेगळं चिन्ह येतं. दोन-तीन जणांचा फोन व्यवस्थित दिसत होता आणि ते अक्षर नाही म्हणून दिसत नाही म्हणत होते. आणि मॅकबुक असेल तर अँड्रॉइड फोन फाइंडरमध्ये येतच नाही, त्याला OpenMTP सारखं वेगळं सॉफ्टवेअर लागतं, तिथे केबली बदलत बसू नका.

आता जिथे केबल चांगली, File transfer पण शोधतोय, आणि तरी फोनला कॉम्प्युटर जाणवत नाही, तिथे माझी नजर फोनच्या चार्जिंगच्या भोकाकडे जाते. टाइप-सी असेल तर त्यात बारीक बारीक 24 टोकं असतात आणि त्यातली करंटची चार, अर्थिंगची चार. म्हणजे एखादं मळलं, गंजलं तरी चार्जिंग चालू राहतं. पण डेटासाठी एका वेळी फक्त एक जोडी कामाला येते, ती मळली की संपलं. खिशातला कापसासारखा कचरा आत दाबला जाऊन तळाशी त्याचा घट्ट थर बसतो आणि केबल पूर्ण आत जात नाही, टोक किंचित बाहेर राहिलेलं दिसतं. फोन बंद करून लाकडी टूथपिकनं तो हळूच कडेनं काढायचा, सुई किंवा पिन अजिबात घालू नका, टोकं वाकली तर फोन रिपेअरलाच जाणार.

इथे एक साधी टेस्ट आहे जी मला फार उपयोगी पडते. टाइप-सी टोक काढून उलटं करून लावा. केबलच्या टोकात डेटाची जोडी एकाच बाजूला असते आणि फोनमध्ये ती वर-खाली दोन्हीकडे असते, त्यामुळे उलटं लावलं की फोनच्या दुसऱ्या जोडीला ती टेकते. एका बाजूनं फोन दिसला आणि दुसऱ्या बाजूनं नाही दिसला, तर समजा फोनच्या भोकात किंवा त्या टोकात एक संपर्क गेलाय, लॅपटॉप निर्दोष आहे. माझ्याच मेहुण्याचा फोन असा होता, एका बाजूनं चालायचा, साफ केल्यावर दोन्हीकडून चालायला लागला.

आणि लॅपटॉपवर खालच्या कोपऱ्यात USB device not recognized असं आलं, किंवा Device Manager मध्ये Device Descriptor Request Failed असं दिसलं, तर ते वेगळं आहे. तिथे लॅपटॉपला कळलंय की काहीतरी लावलंय पण बोलणं अर्धवट तुटतंय. अशा वेळी डेटाच्या वायरींपैकी एखादी आत तुटायला आलेली असू शकते, विशेषतः टोकाजवळ, जिथे आपण केबल धरून वाकवतो. केबल बदला, दुसरा पोर्ट बघा, मधे हब असेल तर तो काढा.

ड्रायव्हरचा नंबर माझ्याकडे सगळ्यात शेवटी लागतो. केबल दुसऱ्या फोनवर चालतेय, हा फोन दुसऱ्या कॉम्प्युटरवर दिसतोय, आणि याच लॅपटॉपवर दिसत नाही, इतकं झाल्यावरच. मग Device Manager उघडून फोनच्या नावावर पिवळा त्रिकोण दिसतोय का बघायचं, असेल तर राइट क्लिक, Uninstall device, फोन काढून परत लावायचा, विंडोज स्वतःचा ड्रायव्हर परत टाकतं. नेटवरच्या कुठल्यातरी साइटवरून ड्रायव्हर पॅक उतरवू नका, मॅडमच्या लॅपटॉपवर त्या उतरवलेल्या फाइलबरोबर अजून तीन प्रोग्रॅम येऊन बसले होते, ते काढायला फोटो कॉपी करण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

मॅडम नवीन केबल घेऊन गेल्या, जाताना तिच्या टोकाला मी निळी इन्सुलेशन टेप गुंडाळून दिली, म्हटलं ही निळी म्हणजे फोटोची, ट्रिमरला दुसरी कुठलीही लावा.