घरमालकाला लिहिलेलं रोषणाईचं पत्र: माझा अनुभव

नऊ दिवस काकांचं उत्तर नव्हतं. व्हॉट्सॲपवर दोन निळ्या खुणा दिसत होत्या, म्हणजे पत्र वाचलेलं होतं. वसुबारस जवळ येत होती आणि माहीमच्या कंदील गल्लीतून आणलेला आकाशकंदील घडी घालून कपाटावर पडून होता. मला अजूनही त्या नऊ दिवसांचा राग येतो, पण आता थोडा स्वतःच्या पत्राचाही येतो.

आम्ही दादरला चौथ्या मजल्यावर भाड्याने राहतो. मालक काका नाशिकला असतात. सोसायटीत विचारलं तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, "तुम्ही सभासद नाही, मालकांचं लेखी आणा." यात गैर काही नव्हतं. आमच्या लिव्ह अँड लायसन्स करारातही मालकाच्या लेखी संमतीशिवाय जागेत बदल करायचा नाही, असं कलम आहे. माळा लावणं म्हणजे बदल नव्हे, असं मला वाटत होतं, पण डिपॉझिट त्यांच्याकडे असताना वाद कशाला घाला?

मी लिहिलं होतं: "दिवाळीनिमित्त घराच्या बाहेरून रोषणाई करण्याची परवानगी द्यावी, ही विनंती." बस, एवढंच.

दहाव्या दिवशी मीच फोन लावला. काका आधी तब्येतीचं, पावसाचं बोलत राहिले. मग हळूच म्हणाले, "अगं, सणासुदीला नाही कसं म्हणू, म्हणून गप्प होतो." मग खरं कारण निघालं. आधीच्या भाडेकरूने कंदिलासाठी खिडकीवरच्या बाहेरच्या भिंतीत ड्रिल मारून हुक बसवला होता. जाताना हुक काढला, पण भोक तसंच राहिलं. पुढच्या पावसाळ्यात त्यातून पाणी प्लास्टरमध्ये मुरलं आणि खिडकीच्या वर आतल्या भिंतीवर ओलीचा डाग पडला. शिवाय बाहेरची भिंत सोसायटीची, त्यामुळे बोलणीही काकांनीच खाल्ली. माझ्या पत्रातलं "बाहेरून" वाचताच त्यांना ते भोक आठवलं होतं.

मला वायरीच्या आणि बिलाच्या प्रश्नांची तयारी होती, भिंतीची नव्हती. "बाहेर" म्हणजे नेमकं कुठे, हे पत्रात नव्हतंच. ग्रिलच्या आत, ग्रिलवर, की भिंतीवर? त्या रात्री मी दुसरं पत्र लिहिलं:

"ती. काकांस, सा. नमस्कार. वसुबारसेपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत हॉलच्या खिडकीच्या ग्रिलवर चार एलईडी माळा आणि ग्रिलच्या आत एक आकाशकंदील लावायची आपली परवानगी हवी आहे. सगळं केबल टायने बांधू. भिंतीत, छज्जात किंवा चौकटीत खिळा, स्क्रू किंवा भोक करणार नाही. चिकटपट्टीही लावणार नाही. वीज हॉलमधल्या प्लगमधून, आमच्याच मीटरवर घेऊ. रात्री अकराला बंद करू. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सगळं उतरवून खिडकीचे आधीचे आणि नंतरचे फोटो पाठवू. काही नुकसान झाल्यास दुरुस्ती आमच्या खर्चाने."

त्रिपुरी पौर्णिमा मुद्दाम लिहिली. नुसतं "दिवाळीत" म्हटलं असतं तर काकांनी भाऊबीजेपर्यंतच धरलं असतं आणि आमचा कंदील पौर्णिमेपर्यंत असतो. तुम्हीही सुरुवात आणि शेवट, दोन्ही तिथी लिहा.

उत्तर वीस मिनिटांत आलं: "परवानगी आहे. कंदिलाचा फोटो पाठव." मला हायसं वाटलं आणि नऊ दिवस फुकट गेल्याची चीडही आली. सेक्रेटरींना प्रिंट दिली. भिंतीला हात लागणार नाही, ही ओळ वाचून त्यांनी लगेच पोच दिली. मालकाची परवानगी त्यांच्या घरापुरती असते, बाहेरच्या भिंतीचा शब्द सोसायटीचा, म्हणून ती पोच जपून ठेवा.

विजेचं राहिलंच. प्रत्येक माळ ६ वॉटची, कंदिलातला बल्ब ७ वॉटचा, म्हणजे एकूण ३१ वॉट. रोज सहा तासांप्रमाणे एकोणीस दिवसांत जेमतेम साडेतीन युनिट होतात. काकांना हा आकडाही कळवला, कारण जुन्या बल्बच्या माळा आठवून ते मीटरला घाबरत होते.

माळा लोहार चाळीतून घेतल्या. खोक्यावर आयपी ६५ लिहिलेलं बघून घेतल्या, कारण परतीचा पाऊस कधीही येतो. पण ते संरक्षण माळेला असतं. प्लग आणि ॲडॉप्टर बहुधा तसे नसतात, म्हणून ते खिडकीच्या आतच ठेवले. वायर सरकत्या काचेत चेपू देऊ नका. चेपलेल्या जागी आवरण फाटतं आणि आतली तार उघडी पडते. आम्ही काच दोन बोटं उघडी ठेवून फटीत कापड कोंबलं.

वसुबारसेच्या संध्याकाळी कंदील लावला आणि काकांना फोटो पाठवला. त्यांनी तो मोठा करून भिंत तपासली असणार, कारण पुढचा प्रश्न होता, "वरचा डाग वाढला नाही ना?" मी लगेच त्या जागेचा वेगळा फोटो काढून पाठवला. भिंत कोरडी होती.