एक पत्रिका, दोन भाकितं

तुम्ही विचारलंत: ‘मुलीची पत्रिका दोघांना दाखवली. एक म्हणाले मंगळ आहे आणि दीड वर्ष थांबा, दुसरे म्हणाले मंगळ नाही, पण राहू सुरू झालाय. पत्रिका एकच, मग कुणाचं धरायचं?’

आधी दोघांकडून छापील टिपण मागून घ्या. त्यांनी काय सांगितलं ते थोडा वेळ बाजूला राहू दे. टिपणात चार गोष्टी पाहायच्या: जन्मवेळ आणि गाव, लग्नरास किती अंशावर, चंद्र किती अंशावर, आणि चालू महादशा कोणत्या तारखेला सुरू झाली. निम्मे वाद फलितावर येण्याआधीच, या चार आकड्यांत झालेले असतात. आणि आकड्यांचा वाद कुणाच्याही अनुभवाशिवाय सोडवता येतो.

समजा एका मुलीचा चंद्र लाहिरी अयनांशाने, म्हणजे राशीचक्राची सुरुवात धरण्याच्या एका पद्धतीने, मेषेत 25 अंशांवर आहे आणि लग्न कन्येत 27 अंशांवर. मुलगी आज पूर्ण 24 वर्षांची आहे. मेषेत 13 अंश 20 कलांपासून 26 अंश 40 कलांपर्यंत भरणी नक्षत्र असतं, त्याचा स्वामी शुक्र आणि त्याची दशा 20 वर्षांची. एका अंशाच्या 60 कला, म्हणून नक्षत्र 800 कलांचं. चंद्राने त्यातल्या 700 कला ओलांडल्या, 100 उरल्या. म्हणजे जन्मावेळी शुक्राची दशा 20 वर्षांचा आठवा हिस्सा, अडीच वर्षं, शिल्लक होती. पुढे रवीची 6, चंद्राची 10, मंगळाची 7. या हिशेबाने ती साडेपंचवीस वर्षांची होईपर्यंत मंगळाची महादशा चालेल, मग राहूची 18 वर्षं.

आता दुसऱ्या ज्योतिषांच्या सॉफ्टवेअरमध्ये रामन अयनांश लावलेला आहे असं धरा. तो लाहिरीपेक्षा सुमारे 1 अंश 27 कलांनी कमी आहे, म्हणून सगळे ग्रह तेवढेच पुढे सरकतात. चंद्र 26 अंश 27 कलांवर जातो. नक्षत्र तेच, भरणी, पण उरतात फक्त 13 कला, म्हणजे शुक्राचे जेमतेम चार महिने. त्यापुढच्या सगळ्या दशा सव्वादोन वर्षांच्या आसपास अलीकडे येतात. या हिशेबाने मुलीची राहूची महादशा तेविसाव्या वर्षानंतर चार महिन्यांनीच सुरू झाली. तर एक म्हणतात मंगळ संपायला दीड वर्ष आहे, थांबा. दुसरे म्हणतात राहू लागलाय. दोघेही आपापल्या कागदाशी प्रामाणिक आहेत.

अयनांश म्हणजे राशीचक्राची सुरुवात कुठून धरायची याचा फरक. भारत सरकारने मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीने 1955 साली अहवाल दिला आणि 21 मार्च 1956 साठी 23 अंश 15 कला हा अयनांश ठरवला. तो चित्रा तारा धरून काढलेला. आज बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये आपोआप लागतो तो लाहिरी अयनांश हाच. कृष्णमूर्ती पद्धतीचा त्यापेक्षा सुमारे 6 कलांनी कमी. एवढा फरक किरकोळ वाटतो, पण वरच्या पत्रिकेत त्याने दशा जवळजवळ दोन महिने हलते. आणि आपल्याकडे कोकणात अनेक घरांत टिळक पंचांग आहे. ते रेवतीपक्षाचं, म्हणजे रेवती तारा धरून काढलेलं. चित्रा आणि रेवती यांच्या अयनांशांत जवळपास 4 अंशांचं अंतर आहे. त्या गणिताने आपल्या उदाहरणातला चंद्र जवळपास 29 अंशांवर, म्हणजे भरणी सोडून कृत्तिकेत जातो आणि लग्न कन्या सोडून तुळेत. नक्षत्र बदललं, लग्नरास बदलली, म्हणजे पत्रिका खरोखर दुसरीच झाली.

फरक नेमका कुठून आला ते ओळखायची एक सोपी खूण आहे. दोन्ही टिपणं शेजारी ठेवा आणि लग्न, चंद्र व शनी यांचे अंश-कला वजा करून पाहा. तिन्हींत सारखाच फरक निघाला तर तो अयनांशाचा आहे. लग्नात मोठा, चंद्रात थोडा आणि शनीत जवळजवळ शून्य असेल तर तो जन्मवेळेचा किंवा गावाचा आहे, कारण लग्न दर चार मिनिटांत सुमारे एक अंश पुढे जातं, चंद्र तासाला अर्ध्या अंशाहून थोडा जास्त सरकतो आणि शनी दिवसभरात काही कलाच हलतो. लग्न जवळपास समोरच्या राशीत आणि चंद्र साडेसहा अंशांनी लांब दिसला तर कुणीतरी सकाळच्या जागी संध्याकाळ टाकली आहे. फक्त राहू-केतू वेगळे असतील तर एकाने मध्यम राहू घेतला आहे आणि दुसऱ्याने स्पष्ट. आणि सगळे अंश जुळूनही दशांच्या तारखा वयागणिक लांब पडत जात असतील, तर एका ठिकाणी वर्ष 365 दिवसांचं आणि दुसऱ्या ठिकाणी 360 दिवसांचं धरलं आहे. चोविसाव्या वर्षी हा फरक चार महिन्यांच्या आसपास जातो.

गणिताचा फरक असा सापडला की ‘कोण हुशार’ हा प्रश्न उरत नाही. दोघांना एकाच वेळेवर आणि एकाच अयनांशावर आणा आणि पुन्हा विचारा. मात्र कोणता अयनांश ‘खरा’ हे पत्रिका सांगू शकत नाही. तुम्हाला दोन्ही ऐकायची असतील तर वेगवेगळी ऐका, पण एका पद्धतीतली दशा आणि दुसरीतला भाव अशी सरमिसळ करू नका.

वेळेबाबत घरातल्यांनीच कडक राहायला हवं. ‘सव्वादहा’ ही वेळ आठवणीतून आलेली असते, घड्याळातून नव्हे. जन्मदाखल्यावर बहुतेकदा वेळ नसतेच. दवाखान्याचं कार्ड शोधा, आणि तिथेही पाच-पाच मिनिटांना गोळा केलेली वेळ असू शकते हे धरून चला. आपल्या उदाहरणात कन्या लग्नाचे तीनच अंश उरलेत, म्हणजे बारा-तेरा मिनिटांचीच उसंत. जन्म पंधरा मिनिटं उशिरा धरला तर लग्न तुळेत जाईल. म्हणून ज्योतिषांना थेट विचारा: वेळ दहा मिनिटं अलीकडे-पलीकडे केली तर तुमचं उत्तर बदलतं का? बदलत असेल तर त्या उत्तराला वजन देऊ नका, कारण ते तुमच्या माहितीच्या अचूकतेपेक्षा बारीक आहे. आजी-आजोबांच्या पिढीतल्या पत्रिका काढताना आणखी एक खोच असते: मुंबईत 1955 पर्यंत मुंबई वेळही चालू होती, भारतीय प्रमाणवेळेच्या 39 मिनिटं मागे. तेवढ्या मिनिटांत लग्न दहा अंशांच्या आसपास सरकतं.

आता मंगळाचं पाहू, कारण इथे आकडे जुळूनही उत्तरं फुटतात. याच पत्रिकेत मंगळ मीनेत 8 अंशांवर आहे असं समजा. कन्या लग्न, त्यापासून मीन सातवी, म्हणून राशीकुंडलीत मंगळ सप्तमात. पहिल्या ज्योतिषांनी एवढंच पाहिलं: 1, 4, 7, 8, 12 या स्थानांत मंगळ, तर मंगळाची पत्रिका. दुसऱ्यांनी भावचलित उघडलं, म्हणजे राशींऐवजी भावांच्या सीमा धरून काढलेली कुंडली. तिथे लग्नाचे 27 अंश हा पहिल्या भावाचा मध्य, म्हणून सातव्या भावाचा मध्य मीनेच्या 27 अंशांवर आणि त्याची सुरुवात मीनेच्या साधारण 12 अंशांपासून. 8 अंशांवरचा मंगळ सहाव्यात गेला, मंगळ सुटला. कृष्णमूर्तीवाले तर 27 अंशांना भावाची सुरुवातच मानतात, त्यांच्याकडेही तो सहावाच. तिसरं कुणी चंद्रापासून मोजेल: मेषेपासून मीन बारावी, परत मंगळ. आणि कुणी म्हणेल, मीन ही गुरूची रास, म्हणून दोष सौम्य. दोष रद्द करणाऱ्या परिहारांच्या याद्याही घरोघरी निरनिराळ्या आहेत. दक्षिणेत बऱ्याच ठिकाणी दुसरं स्थानही मोजतात.

यात चूक कुणाचीच नाही, आणि नेमका तिथेच पेच आहे. बारा स्थानांपैकी पाच दोषाची, म्हणजे नुसत्या लग्नापासून मोजलं तरी शंभरातल्या बेचाळीस पत्रिका मंगळाच्या निघतात. लग्न, चंद्र आणि शुक्र तिन्हींपासून मोजलं तर ढोबळ हिशेबाने ऐंशी. एवढं मोठं जाळं टाकल्यावर त्यात तुमची मुलगी सापडली याला फार अर्थ उरत नाही, आणि मग ती बाहेर काढायला परिहार लागतात. कोणता नियम किती जड, हे परंपरेने आकड्यात कधीच बांधून दिलेलं नाही. सप्तमातला मंगळ जड की त्यावरची गुरूची दृष्टी जड, हे प्रत्येक जण आपल्या गुरूकडून आणि स्वतःच्या स्वभावाप्रमाणे ठरवतो. म्हणूनच त्याच आकड्यांवरून एक ‘विलंब’ म्हणतो आणि दुसरा ‘तडजोड करावी लागेल’.

अशा वेळी प्रत्येकाकडून एक गोष्ट लिहून घ्या: हे विधान कोणत्या ग्रहावरून, कोणत्या भावावरून आणि कोणत्या दशेवरून आलं, आणि कोणत्या तारखेपर्यंत काय घडलं नाही तर ते चुकलं म्हणायचं. ज्याला हे सांगता येतं त्याचं विधान निदान तपासता येतं. ‘चोवीस ते तीसमध्ये विवाहयोग’ हे पत्रिका न पाहताही सांगता येतं, त्याला पत्रिकेचं श्रेय देऊ नका. विधानापाठोपाठ शांतीचा आणि खड्याचा खर्च आला आणि ते करून घेणारा सांगणाराच असला, तर तेवढं वजन कमी धरा. तिसऱ्याकडे जाऊन बहुमत काढणं मला चुकीचं वाटतं. एकाच परंपरेत शिकलेले दोघे जुळले, तर त्यातून नियम सारखा आहे एवढंच कळतं.

आणि नियम कितपत लागू पडतो, याचीही तपासणी झाली आहे. 2008 साली जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात 200 मुलांच्या पत्रिका जमवल्या, 100 हुशार विद्यार्थ्यांच्या आणि 100 मतिमंद मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या 40 पत्रिका देऊन कोणती कोणाची ते ओळखायला सांगितलं. उत्तरं पाठवणाऱ्या 27 जणांचं बरोबर येण्याचं प्रमाण 46 टक्के होतं. नाणं उडवलं तरी 50 येतात. पत्रिकेचा आदर असणाऱ्या घरांतही हा आकडा माहीत असायला हवा, कारण दोघांच्या मतभेदात ‘एक तरी बरोबर असेलच’ हे आपण गृहीत धरतो.

तुमच्या मुलीपुरतं: दवाखान्याची वेळ शोधा, लाहिरीवर दोघांकडून टिपण पुन्हा करून घ्या, आणि पहिल्यांना विचारा की मंगळ भावचलितात कुठे जातो. लग्नाचे अंश राशीच्या कडेला असतील तर मंगळाचा मुद्दा त्या स्थळापुरता बाजूला ठेवा. मुलाची भेट, त्याच्या घरची चौकशी, दोघांच्या रक्ततपासण्या, नोकरीचं गाव, हे सगळं या दीड वर्षात तसंही करायचंच आहे. ते दशेच्या तारखेसाठी थांबवून ठेवू नका.