आत्याला झोपाळ्यावरून वाचता यावं म्हणून

आत्याला पंचाऐंशी पूर्ण झाली, तेव्हा बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरचे फोटो स्कॅन करून, प्रत्येकाखाली कोण-कुठे-कधी अशी ओळ लिहून मी एक व्हिडिओ तयार केला. तिने आणि दोन्ही काकांनी दिवाणखान्यातल्या टीव्हीवर बसून बघावा, एवढीच इच्छा होती. पेनड्राइव्ह लावला आणि दुसऱ्याच मिनिटाला आत्या म्हणाली, "अगं, वाचायला घेते तोवर पळतंय बघ." थोरले काका तर खुर्ची सोडून टीव्हीजवळ जाऊन उभे राहिले.

मी सगळं फोनवर जुळवलं होतं आणि तिथे ओळी चांगल्या ठसठशीत दिसत होत्या. मग टेप घेऊन मोजलं. टीव्ही ३२ इंची, म्हणजे पडद्याची उंची साधारण ४० सेंटीमीटर, आणि आत्याचा झोपाळा त्याच्यापासून १० फुटांवर. फोन आपण फूटभर अंतरावर धरतो, त्यामुळे तेच अक्षर डोळ्याला टीव्हीपेक्षा दीडपटीहून मोठं दिसतं. आता मी फोन आडवा करून डोळ्यांपासून वीसेक इंचांवर, म्हणजे जवळजवळ हात लांब करून धरते. तिथून जेवढं दिसतं तेवढंच आत्याला झोपाळ्यावरून दिसतं, तेही तिची नजर माझ्याइतकी असती तर.

१०८० पिक्सेल उंचीच्या चौकटीत मी अक्षरांचा आकार ४२ ठेवला होता. पण देवनागरीत त्या आकड्यातली बरीच जागा वरच्या वेलांट्या-मात्रा आणि खालचे उकार खातात. शिरोरेषेखालचं मूळ अक्षर टीव्हीवर जेमतेम सेंटीमीटरभर उरत होतं. आकार ८४ केला. 'मुक्ता' फॉन्टचं मध्यम जाड वजन घेतलं. बारीक वजनात रफार आणि अनुस्वार पुसट होतात, तर फार जाड घेतलं की 'ष्ट', 'द्ध' यांच्या आतल्या पोकळ्या बुजतात. दोन ओळींमधलं अंतरही वाढवलं, नाहीतर वरच्या ओळीतला उकार खालच्या वेलांटीला चिकटतो. एवढ्या आकारात एका ओळीत चार-पाच शब्द मावतात. म्हणून मजकूर कापला, आकार नाही. धाकट्या काकांना मोतीबिंदू आहे, त्यांना उजळ आकाशावरची पांढरी अक्षरं दिसतच नव्हती. त्यांच्यासाठी ओळींमागे काळी पट्टी घातली.

वेळेचा हिशोब आत्यानेच करून दिला. 'सुरसागराच्या काठी, आई आणि माई मावशी, दिवाळी १९५८' ही ओळ तिला मोठ्याने वाचायला लावली आणि घड्याळ लावलं. ८ सेकंद लागले. माझा फोटो ४ सेकंदच थांबत होता आणि त्यातही उमलायला एक, विरायला एक, म्हणजे स्वच्छ दिसणारे दोनच. शिवाय वाचताना डोळे खाली असतात, चेहरे बघायचे राहूनच जातात. म्हणून आता ओळ मोठ्याने वाचायला लागेल तेवढा वेळ, आणि तेवढाच चेहऱ्यांसाठी. हळूहळू सरकणारा, मोठा होत जाणारा फोटो सगळीकडून काढून टाकला. चेहरा ओळखायचा असेल तर तो एका जागी थांबलेला हवा.

सगळ्यात जास्त घोळ मुंजीच्या फोटोत होता. अकरा माणसं, आणि खाली 'डावीकडून' म्हणून अकरा नावांची लांबच लांब ओळ. आत्या दुसऱ्या नावावर असतानाच फोटो गेला. तो मी असा मांडला: आधी अख्खा फोटो ६ सेकंद, अक्षर एकही नाही. मग उभ्या ओळीतले चौघे मोठे करून खाली त्यांची चार नावं, ज्याच्या त्याच्या खाली. मग खुर्चीवरचे चार, मग खाली बसलेली तीन मुलं, प्रत्येक तुकडा १२ सेकंद. शेवटी पुन्हा अख्खा फोटो १० सेकंद. एका फोटोला जवळजवळ एक मिनिट लागलं, पण या वेळी अकराही जणांची ओळख पटली. त्यासाठी १४० फोटोंमधले ५४ गाळावे लागले. गाळताना जिवावर आलं, पण १७ मिनिटांच्या पुढे आत्याला बसवत नाही.

एक गोष्ट मात्र टीव्हीवर लावल्याशिवाय कळली नसती. हा टीव्ही चित्राच्या कडा थोड्या कापतो, त्यात खालच्या ओळीतले उकार जात होते. काही टीव्हींच्या सेटिंगमध्ये `Just Scan` किंवा `Screen Fit` निवडलं की कडा पूर्ण दिसतात. पण काकांच्या घरचा टीव्ही कसा असेल सांगता येत नाही, म्हणून ओळी चारही बाजूंनी आत घेतल्या. खालून तर चांगल्याच वर. कारण आत्या मध्येच रिमोटने फोटो थांबवते, गोष्ट सांगायला लागते, आणि थांबवल्याबरोबर टीव्हीची वेळ दाखवणारी पट्टी नेमकी नावांवरच येऊन बसत होती.