बाबांचे पितळी नळ

आज एका जुन्या न्हाणीघरात दोन भावांची चांगलीच जुंपली. धाकट्याला वडिलांचे पितळी नळ काढून गरम-थंड पाण्याचा मिक्सर नळ हवा होता. थोरला म्हणे, "हात लावायचा नाही!"

गळका नळ उघडला तर आतला वॉशर तेवढा झिजलेला. खरा चोर भिंतीतला जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप. कापून पाहिला, अर्ध्या इंचात गंज साचून पेन्सिल जाईल एवढंच भोक! त्यावर मिक्सर बसवला असता तर गंजाच्या कपच्यांनी त्याच्या आतलं पाणी सोडणारं कार्ट्रिज अडकलंच असतं.

"दादा, मग पाइप बदलू, नळ राहू दे."

सीपीव्हीसीचा प्लॅस्टिक पाइप टाकला, पण नळाच्या तोंडाशी पितळी आट्यांचा एल्बो. प्लॅस्टिकच्या आट्या नळ आवळताना तडकतात. शॉवरला मिक्सर, बादलीवर बाबांचा नळ. चिंचेने घासायचं काम थोरल्याकडे.